दोन साडू आणि एक डॉक्टर

दारू दोघांचीही सुटली होती, पण कौतुक एकट्या चष्मेवाल्याचं होत होतं. हे टर्नरच्या जिवाला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर लागण्यासारखंच होतं.

दोघे साडू. थोरल्या बहिणीचा नवरा चष्म्याच्या दुकानात बसणारा, धाकटीचा नवरा वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहणारा टर्नर. एके काळी दोघांनी मिळून इतकी ढोसली होती की सासूबाई दोन्ही जावयांना एकाच वाक्यात शिव्या घालायच्या. तेव्हा निदान वाटणी तरी समान होती.

टर्नरने आधी आपल्या मनानेच सोडायला घेतली. सकाळी उठला, उरलेली बाटली मोरीत ओतली आणि खोलीत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. जीभ चावली गेली, बायकोने शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि त्याला उचलून इस्पितळात नेलं. तिथे औषधांचा डोस हळूहळू उतरवत त्याला सावरलं, ताकदीची इंजेक्शनं दिली. बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी दारूची ओढ कमी करणारी रोजची गोळी लावून दिली आणि समुपदेशकाकडे आठवड्याला एक तास. वर्कशॉपमध्ये बायकोने सांगून टाकलं, कावीळ झाली होती.

चष्मेवाला त्यानंतर दोन महिन्यांनी सुधारला. तो गेला दारू सोडणाऱ्यांच्या मंडळात, मीटिंगला. संध्याकाळी शाळेच्या वर्गात माणसं जमतात, सगळी एकेकाळची पिणारी. फी नाही, फाईल नाही, डॉक्टर नाही. ज्याला बोलायचं तो बोलतो, बाकीचे ऐकतात. एक जुना मेंबर नव्याला सांभाळतो. चष्मेवाल्याला निवृत्त बस कंडक्टर मिळाला. केव्हाही फोन कर म्हणणारा.

वर्ष झाल्यावर चष्मेवाल्याचा सत्कार झाला. घरच्यांनाही बोलावलं होतं. त्याने उभं राहून आपली कहाणी सांगितली, अगदी मुलीच्या शाळेत झोकांड्या खात गेला होता ते सुद्धा. मग अशा टाळ्या पडल्या की वर्गाच्या काचा थरथरल्या. सासूबाई रडल्या. टर्नरची बायकोही पदराने डोळे पुसत होती. टर्नरने ते बघितलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याचंही वर्ष दोन महिन्यांपूर्वी भरलं होतं. डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, यकृत छान आहे म्हणाल्या, आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाने तेवढ्यात विचारलं, "झालं का तुमचं? मी जाऊ आत?" एवढाच काय तो सत्कार.

परतीच्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, "थोरल्यांनी मनाच्या बळावर सोडली हो."

"आणि मी?" टर्नर म्हणाला.

"तुमचं काय, तुम्हाला गोळी आहे."

चष्मेवाला शेजारूनच चालत होता. सत्काराची हवा अजून डोक्यात होती. तो हसत म्हणाला, "साडूभाऊ, कुबड्या कधीतरी टाकाव्या लागतात. मी काय म्हणतो, गोळीवरचं शहाणपण ते काय शहाणपण!"

त्या आठवड्यात टर्नरने लेथवर दोन जॉब बिघडवले, आणि पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरबाईंपुढे जाऊन बसला.

"गोळी बंद करायची आहे. मीटिंगला जाणार."

"जा की. पण त्यासाठी गोळी कशाला बंद करायची?"

"दोन्ही कसं चालेल?"

"का नाही चालणार? ही काय समोरासमोरची दोन दुकानं आहेत का, इकडून घेतलं की तिकडे तोंड दाखवायचं नाही?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "औषध सोडा असं मंडळ म्हणत नाही. मंडळातला एखादा माणूस म्हणतो, आपल्या मनाने. त्याचं ऐकायचं नाही."

"मग जास्त चांगलं कुठलं? एकदाच सांगून टाका."

हा प्रश्न त्याने असा विचारला की जणू निकालाचा कागद घेऊन तो सरळ सासूबाईंकडे जाणार होता.

"नेमाने मीटिंगला जाणारी माणसं दारूपासून पूर्ण लांब राहण्यात आमच्याकडे समुपदेशन घेणाऱ्यांपेक्षा मागे नाहीत. उलट थोडी पुढेच दिसतात. हे मी डॉक्टर असून सांगते. आणि ती सोबत वर्षानुवर्षं, फुकट मिळते. पण शरीराला दारूची सवय जडली असेल आणि ती एकदम तोडली, तर तिथे मीटिंग पुरत नाही. तुम्हाला फिट आली तेव्हा टाळ्या वाजवून ती थांबली नसती. शिवाय कुणाला झोपच नसते, कुणाचं मन आतून पार खचलेलं असतं, त्याला आमच्याकडे यावंच लागतं. आणि कुणाला चारचौघांत बोलणं जमतच नाही, त्याला समुपदेशकाची बंद खोली बरी."

"मग निवडायचं कसं?"

"तुम्हाला कमी काय पडतंय ते बघून. दुसऱ्याकडे काय आहे ते बघून नाही. चार-सहा मीटिंगा बघा, वेगवेगळ्या ठिकाणच्या. सगळीकडची माणसं सारखी नसतात. जिथे बरं वाटेल तिथे टिका. गोळी चालू ठेवून." मग त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला आत्ताच का जावंसं वाटलं?"

साडूच्या टाळ्या ऐकून, असं काही टर्नरला सांगता आलं नाही. तो "सहज" म्हणाला आणि उठला. मीटिंगलाही गेला नाही. तिथे जाऊन त्या चष्मेवाल्याच्या खालच्या पायरीवर बसायचं? त्यापेक्षा घरात टीव्हीपुढे बसलेला बरा. तसा तो रोज संध्याकाळी बसतच होता, दार लावून.

पावणेदोन महिने असेच गेले. एक दिवस चष्म्याची काडी निखळली म्हणून टर्नर दुपारच्या सुट्टीत साडूच्या दुकानात गेला. खरं तर काडी त्याला स्वतःलाही बसवता आली असती. पण साडूकडून फुकटात काम करून घेण्यातही एक समाधान असतं.

चष्मेवाल्याने बारीक स्क्रू चिमटीत धरला. तो पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. काउंटरवर हात टेकला तर काचेचं झाकण खडखडायला लागलं. पंखा चालू असताना कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तोंडाला बडीशेपेचा उग्र वास. दारूचा वास असाच बडीशेपेखाली टर्नरने स्वतः दहा वर्षं लपवला होता. त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?"

चष्मेवाला खुर्चीत बसला. "महिना झाला. आता तर सकाळपासूनच लागायची. पण काल संध्याकाळपासून थेंब नाही. शप्पथ. दुकानाच्या मागच्या खोलीत तीन दिवस पडून राहणार. हिला सांगितलंय, माल आणायला बाहेरगावी चाललोय."

"मीटिंग?"

"कुठल्या तोंडाने जाऊ? त्या टाळ्यांनंतर? स्वच्छ होऊनच जाईन, कुणाला कळायचं नाही. साडूभाऊ, पाया पडतो, कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू," टर्नर म्हणाला आणि बाहेर पडला.

रस्त्यावर आला आणि त्याला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की लाजही वाटली नाही. मनाचं बळ म्हणे! तो मनातल्या मनात सासूबाईंसमोर उभा राहिला. "कसे आहेत थोरले?" असं नुसतं विचारायचं. चौकापर्यंत तो असा तरंगत गेला. बोलायचं नाही हे वचन दिलेलं होतं खरं, पण साडूला दिलेलं. आणि वचन पाळलं तरी, तो असा थरथरत बाहेर आला की तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळणारच होतं.

तिसऱ्या दिवशी. तो थबकला. त्याला मोरीत ओतलेली बाटली आठवली, आणि तोंडात रक्ताची चव आली. मागच्या खोलीला आतून कडी, बायकोला वाटतंय नवरा बाहेरगावी. तिथे फिट आली तर शेजाऱ्यांना हाक कोण मारणार?

स्वतःला आणि साडूला एकत्रच शिव्या देत तो मागे फिरला.

"ऊठ. इस्पितळात चल."

"नको. मंडळातले काय म्हणतील? शेवटी गेलाच गोळ्यांकडे."

"मग त्यांनाच विचार. लाव फोन कंडक्टरला."

चष्मेवाल्याची बोटं फोनवर ठरेनात, म्हणून टर्नरनेच लावला आणि आवाज मोठा केला. सगळं ऐकून पलीकडचा म्हातारा एवढंच म्हणाला, "आधी दवाखाना. आत्ताच्या आत्ता, रिक्षा करून. मीटिंग कुठे पळून जात नाही, मीही नाही."

कॅज्युअल्टीत नाडी आणि रक्तदाब बघूनच त्याला आत घेतलं. रात्र व्हायच्या आत त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, पण औषधं सुरू झाली होती, फिट काही आली नाही. निरोप मिळताच धावत आलेल्या थोरलीने टर्नरचे हात धरले. "तुम्ही होतात म्हणून," एवढंच म्हणाली. ते ऐकून टर्नरला बरं वाटायला हवं होतं, वाटलंही, पण संध्याकाळपुरतंच.

कारण दुसऱ्या दिवसापासून मंडळातली माणसं यायला लागली. कंडक्टर, एक वेल्डर, एक शाळामास्तर, आणखी कोण कोण. पाळ्या लावल्यासारखे. कुणी प्रश्न विचारत नव्हतं, कुणी उपदेश करत नव्हतं. एक जण तर नुसता पेपर वाचत बसायचा. टर्नर दारात उभा राहून बघायचा. तो याच वॉर्डात पडला होता तेव्हा बायकोशिवाय चिटपाखरू फिरकलं नव्हतं. फिरकणार कसं? कावीळ होती ना.

त्यावर कडी म्हणजे चौथ्या दिवशी राउंडला डॉक्टरबाई आल्या. त्याच. चष्मेवाल्याने मान खाली घालून विचारलं, "मॅडम, आता मीटिंग सोडावी लागेल का?" बाई म्हणाल्या, "मुळीच नाही. मीटिंग नेमाने, गोळी नेमाने, आणि महिन्याने माझ्याकडे." या पडलेल्या माणसाचे मित्र तर होतेच, आता आपली डॉक्टरही याचीच झाली. आयुष्यात एक गोष्ट फक्त आपली होती, तिच्यातही हा साडू वाटेकरी!

तो तरातरा बाहेर व्हरांड्यात आला. कंडक्टर तिथे बाकावर चहा पीत होता. त्याने सरकून जागा दिली.

"तुम्ही आणलंत त्याला. बरं झालं."

"मला त्याचा हेवा वाटतो," टर्नर म्हणाला. तो काय बोलून गेला हे त्याला बोलल्यावर कळलं. "आत्ताही वाटतो. असा हातपाय कापत पडलाय, तरी वाटतो."

म्हाताऱ्याने चहाचा कप बाकावर ठेवला. टर्नरनेच पुढे विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलायचा तो तिथे?"

"तिथलं तिथेच राहतं."

"काहीतरी बोलला असेलच ना."

"त्याचं ऐकायला यायचं नाही. स्वतःचं बोलायला यायचं. कधी सोडलीत?"

"सव्वा वर्ष होऊन गेलं. पण मी गोळी घेतो."

"मी रक्तदाबाची घेतो. संध्याकाळी काय करता?"

दार लावतो, हे काही टर्नरला सांगण्यासारखं वाटेना. खाली बघून तो म्हणाला, "तो नसेल असा वार सांगा."

"सोमवारी. नदीपलीकडे वाचनालयात दुसरी मीटिंग असते. तिथे तुमचा कुणी साडू नाही."

सोमवारी टर्नरने सकाळची गोळी घेतली, दिवसभर लेथ चालवला आणि बायकोला "येतो जरा" म्हणून बाहेर पडला. वाचनालयात लाकडी बाकांवर बारा-पंधरा माणसं होती. एकही ओळखीची नव्हती. बोललं नाही तरी चालेल, असं त्याला आधीच सांगितलं होतं, आणि न बोलण्याचा त्याचा पक्का विचार होता. पण पाळी त्याच्याजवळ आली आणि खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. फक्त त्याच्याकडे. मागे सासूबाई नव्हत्या, शेजारी थोरला जावई नव्हता.

"मला एक साडू आहे," टर्नरने सुरुवात केली, आणि मग खूप वेळ त्याला स्वतःचंच बोलणं थांबवता आलं नाही.