गुरुवारचे दोन तास

सूडाची भावना माणसाला शिस्त लावते, असं बाईंचं ठाम मत होतं. हे मत पक्कं झालं तेव्हा त्या एका संदेशाचा सातवा मसुदा लिहीत होत्या आणि मागे गॅसवर दूध उतू चाललं होतं.

"दूध," नवरा म्हणाला.

"कळलंय," बाई म्हणाल्या आणि आठव्या मसुद्याला लागल्या.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांना तक्रारी नोंदवायची प्रणाली विकणारी एक कंपनी होती. तिथे बाईंनी नऊ वर्षं ग्राहकसेवा सांभाळली. चौदा महिन्यांपूर्वी साहेबांनी त्यांच्या खुर्चीत स्वतःच्या भाच्याला बसवलं आणि भर मीटिंगमध्ये म्हणाले, "बाईंना सॉफ्टवेअरमधलं काय कळतं हो? त्या फोन मात्र छान करतात." बत्तीस जण हसले. बाईंनी मोजले होते. त्यातल्या चौघांना हसायचं नव्हतं, हेही त्यांनी टिपून ठेवलं होतं, म्हणजे वेळ आल्यावर त्यांना थोडं कमी रडवता येईल.

नोकरी त्यांनी त्याच दिवशी सोडली. आता साहेबांचंच काम साहेबांपेक्षा चांगलं करायचं आणि त्यांची गिऱ्हाइकं एकेक करून उचलायची, असा बेत होता. फक्त बाईंना खरोखरच सॉफ्टवेअरमधलं काही कळत नव्हतं. त्यासाठी मौनी हवा होता.

मौनीने ती जुनी प्रणाली जवळजवळ एकट्याने लिहिली होती. दिवसाला सहा वाक्यं बोलायचा, त्यातली दोन कॅन्टीनमध्ये. साहेबांनी एका समारंभात प्रणालीचा निर्माता म्हणून स्वतःचा सत्कार करून घेतला. मौनी तेव्हा प्रोजेक्टरची वायर धरून उभा होता. पुढच्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला. आता तो एका मोठ्या कंपनीत होता आणि, ऐकिवात होतं, सुखात होता. सुखातल्या माणसाला सूडात ओढायचं म्हणजे मजकूर नीट लागतो.

नवरा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. त्याने पहिला मसुदा वाचून लाल पेन उघडलं होतं.

"यात 'साहेब' हा शब्द सतरा वेळा आलाय."

"मग?"

"आणि आपण नक्की काय बनवणार, ते एकदाही नाही."

"ते भेटल्यावर सांगीन ना."

"भेटेल कशाला? मुलगी बघायला बोलावतेस आणि पत्रिकेत नुसत्या शेजाऱ्याच्या कागाळ्या लिहितेस."

बाईंनी पेन हिसकावून घेतलं, पण साहेब सतरावरून आठवर आले, आठवरून तीनवर, आणि आज सकाळी शून्यावर.

मग भागीदारीचं वाक्य आलं आणि नवरा पुन्हा अडला.

"अर्धं? कल्पना तुझी, धावपळ तुझी, आणि त्याला अर्धं?"

"कल्पना म्हणजे माझ्याकडे आहे काय? एक वही. त्यातल्या तीन पानांवर भाजीची यादी आहे."

"तरी पण..."

"दहा टक्के देते म्हटलं तर तो नोकरासारखं काम करील. नोकर मला परवडत नाही, आणि त्याला आहेच की चांगली नोकरी. सगळं काम पुढे आहे आणि ते दोघांनी करायचंय. मग अर्ध्याच्या आसपासच."

"आणि सहा महिन्यांत पळाला तर? अर्धी कंपनी घेऊन?"

"म्हणून हिस्सा हळूहळू पिकतो, थोडाथोडा नावावर होतो. चार वर्षं. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत गेला तर हात हलवत जाईल. मी गेले तर मीसुद्धा."

"तू कुठे जाणार?"

"तेच त्यालाही मला विचारता यायला हवं," बाई म्हणाल्या. नवऱ्याला त्यातलं निम्मं कळलं, पण त्याने दूध पुसायला घेतलं.

शेवटी गेला तो मजकूर असा होता:

"मी पाच ते वीस मेकॅनिक असलेल्या छोट्या लिफ्ट कंपन्यांसाठी काही बनवू पाहते आहे. तक्रार आली की जवळ कोण आहे आणि त्याच्या गाडीत लागणारा सुटा भाग आहे का, हे त्यांना चटकन कळत नाही. सध्या माझ्याकडे फक्त कल्पना आहे. कोड नाही, कंपनी नोंदवलेली नाही. बावीस मालकांशी बोलले. सहा जण वापरून बघू म्हणाले, लेखी एकानेही दिलेलं नाही. सोबत सुरुवात करणारा तांत्रिक भागीदार शोधते आहे. हिस्सा जवळपास समान असावा, दोघांचाही चार वर्षांत पिकावा, पहिल्या वर्षाआधी कुणालाच काही नाही, असं मला वाटतं. नेमका आकडा थोडं सोबत काम केल्यावर दोघांनी ठरवू. आज एकच मागणी आहे. गुरुवारी सकाळी दोन तास माझ्याबरोबर एका कंपनीच्या तक्रार कक्षात बसून नुसतं बघशील का? कोड नको, होकार नको. नाही म्हणालास तरी राग नाही."

शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं. पण नवरा म्हणाला, राहू दे, सभ्य दिसतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मौनीच्या मानाने ते प्रवचन होतं: "येतो. फक्त बघायला. कोड लिहिण्याआधी माझ्या नोकरीचा करार वाचावा लागेल. मी घरी बसून लिहिलेलंही त्यांचं ठरू शकतं."

बाईंनी ते नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं. "बघितलंस? 'येतो' म्हणालाय. साहेबांच्या तोंडचं पाणी पळवते की नाही बघ."

"त्यात साहेब कुठे आहेत?"

"ओळींच्या मध्ये," बाई म्हणाल्या.

गुरुवारी मौनी दहा मिनिटं आधी येऊन फाटकाशी उभा होता. आत गोदामाएवढं आवार होतं, एका रांगेत निळ्या गाड्या होत्या, आणि एक मेकॅनिक दारांचे रोलर पेटीत भरत होता. मौनीने गाड्या मोजल्या. मोजायची सवय दोघांनाही होती.

"मॅडम, या एकेचाळीस आहेत."

"असतील."

"तुम्ही लिहिलं होतं, पाच ते वीस."

बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

"बावीस जणांशी बोललात. त्यातले हे आहेत?"

"नाहीत," बाई म्हणाल्या. पर्समध्ये काही सापडत नव्हतं, कारण काही हरवलंच नव्हतं.

"मग हेच का?"

"कारण हे साहेबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे! त्यांच्या वेबसाइटवर पहिला फोटो यांचा आहे. गळ्यात गळे घालून. हे फुटले ना, की बाकीचे आपोआप गळतील. खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाला रस्त्यावर आणायचंय. तुला नाही आणायचं? प्रोजेक्टरची वायर विसरलास?"

मौनीने गाड्यांच्या रांगेवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. त्याचा गप्पपणा वाचायला बाई नऊ वर्षांत शिकल्या होत्या, आणि हा 'नाही'चा नव्हता.

"वायर गरम झाली होती," तो म्हणाला. "सत्कार संपेपर्यंत सोडू दिली नाही."

"मग!"

"मग एक सकाळ देतो. सूडासाठी चार वर्षं नाही देणार, मॅडम. चार वर्षांत बायको विचारेल, हे कुणासाठी चाललंय." मग फाटक ढकलत म्हणाला, "पण आपली प्रणाली इथून उपटायला किती जोर लागेल, ते बघायला आवडेल. मुळं खोल घातली होती मी."

हे त्याचं वर्षभराचं बोलणं झालं. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शिकारीला सोबती मिळाला होता.

वॉचमनने बाईंना जुन्या ओळखीवर आत सोडलं. तक्रार कक्षात तीन फोन होते, शहराचा नकाशा काढलेला एक भलामोठा पांढरा फळा होता, आणि फोन घेणाऱ्या काकू होत्या. बाईंना बघताच काकू उठल्या.

"अगंबाई, तुम्ही! चौदा महिन्यांत एक फोन नाही. आजारी होता की काय?"

"नोकरी सोडली, काकू."

"तरीच! मी म्हणतेय रोज नऊला कान का रिकामे वाटतात." तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी तो खांद्यात धरला, फळ्यावरचं एका गाडीचं निळं चुंबक उचलून नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात चिकटवलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, "दादा, तिसऱ्या मजल्यावर अडकलीय, आत माणूस नाही. मिशीवाला जवळच आहे, पण दाराचा सेन्सर त्याच्याकडे नाही, तो बारक्याच्या गाडीत आहे. बारक्याला पाठवते." फोन खाली ठेवला. सगळं मिळून चाळीस सेकंद. मौनीने घड्याळ लावलं होतं.

"काकू," बाई आवाज शक्य तितका साधा ठेवत म्हणाल्या, "आणि प्रणालीवर हे कधी चढवता?"

"कुठली?"

"अहो, प्रणाली. साहेबांची."

"ती होय." काकूंनी कोपऱ्याकडे हनुवटी केली. तिथे कॉम्प्युटर होता. त्याच्यावर डेस्क कॅलेंडर होतं, कॅलेंडरवर कुणाचा तरी चष्मा. "तुम्ही रोज नऊला फोन करून ओरडायचात, 'काकू, कालच्या नोंदी टाका,' म्हणून टाकायचो. फोन थांबले, मग कोण टाकतंय? तेव्हापासूनच सोडलं."

"साहेबांनी विचारलं नाही?"

"ते आले होते ना मध्ये. फोटो काढून गेले."

बाई खुर्चीत बसल्या. चौदा महिने दात धरून, आठ मसुदे लिहून जे करायचं होतं, ते त्यांनी खोके उचलून ऑफिसातून बाहेर पडताना एका दिवसातच केलं होतं. साहेबांना पत्ता नव्हता. त्यांनाही नव्हता. कुणी हसायलाही नव्हतं.

मौनीने चष्मा बाजूला ठेवला, कॅलेंडर उचललं आणि कॉम्प्युटर चालू केला. यंत्राला उठायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात काकूंनी तीन लिफ्ट मार्गी लावल्या.

"मुळं?" बाईंनी विचारलं.

"नाहीत," मौनी म्हणाला. "प्रणाली मी लिहिली होती, पण चालवत तुमचा फोन होता." त्याने शेवटची नोंद उघडली. "मी आत्ता नाही येत, मॅडम. इथे हरवायला कुणी उरलेलंच नाही. त्या बावीसांपैकी वीसच्या आतल्या एखाद्याकडे बसायचं ठरवलंत, तर पुन्हा लिहा. हिस्स्याचं जे लिहिलंत ते बरोबर होतं. मागणीही बरोबर होती. जागा चुकली."

बाईंनी मान डोलावली आणि शेवटची नोंद बघायला पडद्यावर वाकल्या. ती चौदा महिन्यांपूर्वीची, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची होती, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांची. नोंदवणाऱ्याच्या जागी बाईंचं स्वतःचंच नाव होतं, त्यांच्या ऑफिसातून टाकलेलं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, "चाचणी, दुर्लक्ष करावे."