कॅमेऱ्याच्या पाठीमागचं घर

आधी कॅमेरा लावायचा, मग ऊन. न बांधलेल्या इमारतींची चित्रं संगणकावर करणाऱ्यांच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यातच शिकवलं जातं, आणि एकदा अंगवळणी पडलं की सुटत नाही. उभं कुठे राहायचं ते आधी ठरवायचं, आणि तिथून जे दिसतं ते उजळून निघावं म्हणून सूर्य उचलून हवा तिथे टांगायचा. सूर्य बिचारा तक्रार करत नाही. गिऱ्हाईकही करत नाही, कारण चित्रातलं ऊन खायला कुणी घर घेत नाही, अशी सगळ्यांची समजूत असते.

तिचीही होती. वस्तीतले लोक तिला चित्रवाली म्हणायचे. नाल्याकाठच्या पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या या लोकांसाठी तिच्या सरांनी दुमजली घरांची वसाहत आखली होती. मध्ये सगळ्यांचं एक अंगण, त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन ओळी आणि आत-बाहेर करायला अरुंद गल्ल्या. फरशा साध्या, भिंतींना गिलावा आणि त्यावर रंग. संगमरवर नाही, काच नाही, कारंजं तर नाहीच नाही.

सर आर्किटेक्ट होते आणि तिरसट होते. चित्राचं काम देताना त्यांनी तिला बजावलं होतं, "हे बघ, या लोकांना आजवर दोघा बिल्डरांनी चित्रं दाखवून फसवलंय. तलाव काय, हंस काय! तू मला जे बांधणार आहोत तेवढंच दाखव. खोटं काही नको."

तिनेही ते मनावर घेतलं. भिंतींचा गिलावा तिने काचेसारखा गुळगुळीत ठेवला नाही. हाताने ओढलेला गिलावा कडेने पडणाऱ्या उन्हात जरा लाटांसारखा दिसतो, तसाच केला. खिडकीच्या सज्ज्याखाली पाण्याचे ओघळ उमटवले. खालच्या हातभर पट्ट्याला मळखाऊ तपकिरी रंग दिला. विजेचे मीटर, गच्चीवरच्या टाक्या, कपडे वाळवायच्या दोऱ्या, सगळं होतं तिथे ठेवलं. गल्लीही भिंगाची लबाडी करून रुंद दाखवली नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल, अशीच दाखवली. चित्र पाहून सर कधी नव्हे ते "बरंय" म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे हार-तुरेच.

ऊन मात्र तिने नेहमीसारखं लावलं. कॅमेरा उत्तरेच्या ओळीपाशी, तोंड दक्षिणेच्या ओळीकडे, आणि सूर्य खांद्यामागून तिरपा. समोरच्या घरांच्या पायऱ्यांवर पिवळं ऊन सांडलं आणि गिलाव्याची लाट सुरेख उठून दिसली. हात सवयीने चालतो तेव्हा डोकं विचारत नाही. तिच्या डोक्यानेही विचारलं नाही.

घरं निवडायची सभा शाळेच्या सभागृहात भरली. पडदे ओढले होते, आणि चित्र थेट समोरच्या पांढऱ्या भिंतीवरच पाडलं होतं. सरकारी घरबांधणी खात्याच्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. घरात आजारी माणूस असेल त्यांनी आधी निवडायचं, असं ठरलं होतं. म्हणून पहिला मान इस्त्रीवाल्या मावशीचा आला.

मावशी वस्तीत इस्त्री करायची. तिचा नवरा गवंडी. लोकांच्या भिंती गुळगुळीत करता करता एके दिवशी कामावरच कोसळला आणि अर्धं अंग गेलं. बोलणं तेव्हापासून तुटक झालं. रोज उन्हात बसवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्यांचं पत्र्याचं घर कारखान्याच्या उंच भिंतीखाली. तिथे ऊन कुठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात काय येणार! त्याला दोघं-तिघं उचलून रस्त्यापर्यंत नेतील तेव्हा ऊन, आणि न्यायला रोज माणसं कुठली? मावशीला घर हवं होतं ते छपरासाठी नव्हे, पायरीवरच्या उन्हासाठी. सभेच्या आधीच तिने हे चारचौघांना सांगून टाकलं होतं.

तिने नवऱ्याला खुर्चीसकट भिंतीजवळ आणवलं. तो बराच वेळ चित्र न्याहाळत राहिला. मग ओठांची एक बाजू हलली.

"गिलावा... खरा," तो म्हणाला.

"ऐकलंत?" मावशी सगळ्यांकडे वळली. "आमचे हे कुणाच्या गिलाव्याला चांगलं म्हणत नाहीत. सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही!"

लोक हसले. सभागृहातला ताण सैल झाला. मग मावशीने नवऱ्याचा लुळा हात धरला, उचलला आणि चित्रातल्या मधल्या घराच्या पायरीवर टेकवला. प्रोजेक्टरचा झोत त्या हाताच्या पाठीवर पडला. वाळलेल्या, शिरा उठलेल्या हातावर पिवळं ऊन आलं.

"बघा, अहो. ऊन. इथंच बसायचं आता. दारात."

तो हाताकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले.

आणि लॅपटॉपमागे बसलेल्या चित्रवालीला तेव्हा कुठे दिशा आठवली. ती ओळ दक्षिणेची होती. तिची तोंडं उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेच्या अंगाने कलून जातो, म्हणजे त्या घरांच्या पाठीवरून. पुढच्या पायरीवर त्या घराचीच दोन मजल्यांची सावली पडणार होती, थंडी संपेपर्यंत. ज्या पायरीवर तो हात टेकला होता, तिथे ऊन हवं असतं त्याच दिवसांत ऊन येणारच नव्हतं.

ती सरांच्या कानाशी लागली. "सर, ऊन खोटं आहे. मी सूर्य उत्तरेला लावलाय."

सरांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "आत्ता नको. ही सभा मोडली तर परत भरायची नाही. नाल्याला पाणी आलं की हे लोक कुठे जाणार आहेत, माहितीये ना? नंतर बघू काहीतरी."

सरांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. इथे तर तोंड दोनदा पोळलं होतं. एक खोटं निघालं की सगळं खोटं. मग गिलावा खरा, ओघळ खरे, गल्ली खरी, याचा काय उपयोग? उलट तेच तिला जास्त टोचलं. बाकी सगळं खरं होतं म्हणून तर त्या माणसाने उन्हावर विश्वास ठेवला होता. हंस दाखवले असते तर त्याने हात लावला नसता.

खात्याच्या बाईंनी शाईचा डबा उघडला. "या मावशी, अंगठा द्या. मधलं घर, तळमजला."

मावशी जायला वळली.

"मावशी, थांबा," चित्रवाली उभी राहिली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "ते ऊन खोटं आहे. तिथे हिवाळ्यात ऊन येत नाही. चित्र छान दिसावं म्हणून मी सूर्य तिकडे लावला. चूक माझी आहे. सरांची नाही."

मग मागून एक वेल्डर उठला.

"आलं का पुन्हा तेच! म्हटलं नव्हतं मी? चला रे, उठा!"

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी पडदा ओढला आणि खरा उजेड आत आल्यावर भिंतीवरचं चित्र फिकट पडलं. मावशी होती तिथेच उभी होती. तिने अजून नवऱ्याचा हात भिंतीवरून काढला नव्हता.

"पोरी," ती म्हणाली, "मी त्यांचा हात धरून लावला तिथं. तू बघत होतीस ना?"

"हो."

"मग लावू कशाला दिलास?"

चित्रवालीला रडू फुटलं आणि तिने ते लपवायचाही प्रयत्न केला नाही. मावशीने नवऱ्याचा हात खाली घेतला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि वरून पदर टाकला.

तेवढ्यात सर उठले. आता ते ओरडणार, असं तिला वाटलं. सर दारापाशी गेले, वेल्डरला म्हणाले, "जायचंय तर जा बाबा, पण खरं बघून जा," आणि त्यांनी स्वतः पडदा लावला. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "खरा सूर्य लाव. भर थंडीतला. दुपारचा."

तिने हाताने टांगलेला सूर्य काढून टाकला. संगणकात जागेचं ठिकाण भरलं, महिना भरला, वेळ भरली. भिंतीवरची घरं एका झटक्यात विझली. पिवळा गिलावा राखाडी झाला, लाट दिसेनाशी झाली, आणि घरांची सावली अंगणभर पसरत थेट कॅमेऱ्याच्या पायांपर्यंत आली. बघवत नव्हतं. उठलेली माणसंही उभी राहून बघत होती.

"मग ऊन आहे कुठं?" मावशीने विचारलं. आवाजात राग होता, पण प्रश्न खरा होता.

"मागे," चित्रवाली म्हणाली. "कॅमेऱ्याच्या मागे. तिकडची ओळ चित्रात आलीच नाही."

"दाखव."

तिने कॅमेरा फिरवला, आणि फिरवताना तिला आठवलं की मागे काहीच केलेलं नाही. जे चित्रात येणार नाही त्याच्यावर कोण वेळ घालवतो? उत्तरेची ओळ म्हणजे नुसते पांढरे ठोकळे होते. गिलावा नाही, रंग नाही, ओघळ नाहीत. दाराच्या जागी चौकोनी भोकं. सावली अंगण ओलांडून त्या ओळीच्या अलीकडे थांबली होती. आणि त्या ओबडधोबड पायऱ्यांवर, सगळ्यांवर सारखं, स्वच्छ ऊन पडलं होतं.

"हे असंच बांधणार?" वेल्डरने विचारलं.

"नाही. गिलावा होणार, रंग होणार, समोरच्यासारखाच," सर म्हणाले. "चित्रात करायचा राहिला."

"किती वाजता येतं?" मावशीने विचारलं. ती सरांशी बोलत नव्हती.

चित्रवालीने वेळ मागेपुढे सरकवली. सावली पायरीवर चढली, उतरली, परत चढली. "सकाळी नाही येत. दुपारी येतं. जेवणवेळेच्या जरा आधी, आणि दुपार कलेपर्यंत. जास्त नाही, मावशी."

हे शेवटचं ती मुद्दाम बोलली. कमी आहे ते कमीच सांगावं, एवढं तिला आता कळलं होतं.

मावशीने हिशेब केल्यासारखे ओठ हलवले. मग नवऱ्याची खुर्ची सरकवत त्या पांढऱ्या ठोकळ्यांपाशी नेली. त्याच्या मांडीवरचा पदर काढला, त्याचा हात उचलला आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबवला. तिने मान वळवून लॅपटॉपमागच्या पोरीकडे पाहिलं.

"लावू का हात?"

चित्रवालीने पुन्हा एकदा महिना पाहिला, वेळ पाहिली, दिशा पाहिली.

"लावा, मावशी," ती म्हणाली.