शंभर वेळा दादा, एकदा ती

डॉक्टरांनी उद्याच्या राउंडपर्यंत उत्तर मागितलं होतं. थोरल्याचं लिव्हर जवळजवळ संपलं होतं. धाकट्या बहिणीच्या सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या, तिच्या लिव्हरचा तुकडा त्याला चालणार होता. घरच्यांची संमती होती, तिच्या नवऱ्याचीसुद्धा. अडून बसला होता तो एकटाच.

थोरला आयुष्यभर इंजिनं खोलत आणि जोडत आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं, की आपलं नाव प्रतीक्षायादीत आहे, कुणाचं तरी लिव्हर मिळेल, तोवर थांबू. चांगल्या गाडीचा पार्ट काढून भंगारात बसवायचा नाही. त्याची बायको हे ऐकून खिडकीकडे तोंड करायची.

धाकटी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायची. तिने डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं. त्यांनी नाइलाजाने ढोबळ आकडे दिले: कुठल्याही आठवड्यात जुळणारं लिव्हर मिळायची शक्यता शंभरात सहा. त्याच आठवड्यात प्रकृती ऑपरेशनच्या पलीकडे जायची शक्यता पहिला महिना शंभरात पाच, पुढे दहा. यावरून तिने सूत्राने उत्तर काढलं होतं, की थांबलो तर लिव्हर वेळेवर मिळेल असे शंभरात चव्वेचाळीसच. थोरल्याने ते झटकून टाकलं.

"तुला हवं तेच उत्तर काढून आलीस तू. तुझ्या सूत्रात मी कुठे आहे?"

तिने मोबाइल काढला. पुढच्या धड्यासाठी पुस्तकातल्या एका पानाचा फोटो तिने काढून ठेवला होता. यादृच्छिक अंकांचा तक्ता, म्हणजे पन्नास ओळी आणि प्रत्येक ओळीत शून्य ते नऊमधले पन्नास अंक. कुठल्याही जागी कुठलाही अंक यायची शक्यता सारखीच, मागच्या अंकावरून पुढचा ओळखता येत नाही. हे आकडे माझे नाहीत, ती म्हणाली, यांना तू कोण आणि मी कोण हे माहीत नाही. आपण तुला शंभर वेळा थांबवून बघू.

नियम आधी ठरले आणि ते तिने रिपोर्टच्या पाकिटावर लिहिले. दोन अंकांची जोडी म्हणजे एक आठवडा. शून्य शून्य ते शून्य पाच आलं तर लिव्हर मिळालं. पहिले चार आठवडे शून्य सहा ते दहा आलं तर थोरला गेला, पाचव्यापासून शून्य सहा ते पंधरा. बाकी काहीही आलं तर आठवडा निभावला, पुढची जोडी. ट्यूबलाइटच्या चकाकीने जे अंक पुसट झाले होते, त्यांची जोडी सोडून द्यायची, अंदाज करायचा नाही. सुरुवात कुठून करायची ते वहिनीने डोळे मिटून पडद्यावर बोट ठेवून ठरवलं. पान संपलं की वरून.

धाकटी वाचू लागली. थोरला पाकिटावर खुणा करू लागला, मिळालं तर रेघ, गेला तर फुली.

"त्र्याहत्तर. बारा. अठ्ठावन्न. एक्केचाळीस. शून्य तीन."

पाचव्या आठवड्यात मिळालं. थोरल्याने विजयी मुद्रेने रेघ ओढली. दुसऱ्या फेरीत सहासष्ट, एकोणतीस आणि शून्य आठ आले. तिसऱ्याच आठवड्यात फुली. तिसऱ्या फेरीत त्याने पाच आठवडे काढले आणि सहाव्याला चौदा आलं. हेच चौदा पहिल्या महिन्यात आलं असतं तर वाचलो असतो, तो म्हणाला. म्हणूनच तर उशीर नको, असं तिच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं.

दुपारभर ते चाललं. सिस्टर सलाइन बदलायला आली, तिला वाटलं भावंडं काही खेळतायत. एका जागी धाकटी अडखळली. चार स्पष्ट होता, त्याच्या आधीचा अंक शून्य की आठ ते कळत नव्हतं. शून्य असेल तर लिव्हर. तिला तो आठ हवा होता, आणि आपल्याला तो हवा आहे हे तिच्या लक्षात आलं. भावाची फुली मोजायला आपण टपलोय.

"पुसट आहे," ती म्हणाली. "सोडते."

शंभर फेऱ्या झाल्या तेव्हा रेघा त्रेचाळीस होत्या, फुल्या सत्तावन्न. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, की शंभर फेऱ्यांतून आलेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. पुन्हा केलं तर पस्तीस येतील, पन्नासही येतील. पण ऐंशी येणार नाहीत.

थोरल्याने फुल्यांवरून अंगठा फिरवला. त्या त्याने स्वतःच्या हाताने मारल्या होत्या. मग म्हणाला, "आता तुझं काढ."

देणाऱ्याच्या जिवाला किती धोका, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. हजारात दोन किंवा तीन. तिने तीन धरले. आता तीन अंकांचा गट, आणि शून्य शून्य शून्य ते शून्य शून्य दोन आलं तर ती गेली. पान जिथे थांबलं होतं तिथून पुढे. पन्नास गट झाले, शंभर झाले, काहीच आलं नाही. तिने मोबाइल खाली ठेवला. शंभरात एकही न येणं यात नवल नाही, आणि त्यामुळे धोका शून्यही होत नाही, हे तिने समजावलं.

"वाच पुढे," थोरला म्हणाला.

"किती?"

"येईपर्यंत."

ती वाचत राहिली. वहिनीने दोनदा पुरे म्हटलं, पण त्याने ऐकलं नाही. डोळे पिवळे, ओठ सुकलेले, आणि प्रत्येक गटाला त्याची मान किंचित हलायची. दोनशे झाले. अडीचशे झाले. फोटोतल्या न वाचलेल्या ओळी संपत आल्या होत्या.

"नऊ एक सात. चार चार शून्य. शून्य शून्य..." तिचा आवाज थांबला.

"बोल."

"दोन."

थोरल्याने हात पुढे करून मोबाइल घेतला. तो एवढासा आकडा त्याने अंगठ्याने मोठा करून पाहिला. "ही तू," तो म्हणाला. "घरी तुझी चार वर्षांची पोरगी, आणि ही तू."

"दादा, तू तो आकडा येईपर्यंत थांबलास. असं थांबलं की तो कधीतरी येणारच. बघायचं ते त्याच्या आधी किती गेले. अडीचशेच्या वर वेळा मी घरी गेले."

"माझे सत्तावन्न मला चालतील. तुझा हा एक नाही चालणार."

धाकटी आतापर्यंत मास्तरीण होती. आता तिचा बांध फुटला. "आणि मला काय चालतं ते कुणी विचारायचं? तुझ्या प्रत्येक फुलीला मी इथेच बसले होते ना? सत्तावन्न वेळा. तू एकदाच बघितलंस तर तुला सहन झालं नाही."

वहिनी खिडकीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती. थोरल्याने भिंतीकडे कूस वळवली, आणि तो झोपला की रडतोय हे दोघींनाही कळलं नाही. भेटायची वेळ संपली, तसं धाकटीला उठावं लागलं.

सकाळी डॉक्टर आले. थोरल्याने त्यांना एकच विचारलं, की ऑपरेशनला सुरुवात केल्यावर तिचं काही बिघडतंय असं दिसलं, तर माझ्यासाठी म्हणून पुढे रेटणार नाही ना. डॉक्टर म्हणाले, तिथेच थांबू, तिला शिवून बाहेर आणू, मग तुमचं काहीही होवो. हे माझ्या बायकोसमोर पुन्हा म्हणा, त्याने सांगितलं. डॉक्टर पुन्हा म्हणाले. मग त्याने सही केली.

धाकटी आधी बाहेर आली. दुखण्याने कण्हत होती, पण शुद्धीवर होती. थोरल्याचं लांबलं. पित्ताची नळी गळू लागली, पुन्हा पोट उघडावं लागलं, ताप उतरेना. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर वहिनी उभ्या उभ्या वाळली. धाकटी पोटाला हात धरून तिथपर्यंत चालत यायची आणि काचेला कपाळ लावायची. आत एकच माणूस होता आणि त्याची एकच फेरी. पुढची जोडी काय येणार ते तिला कुठल्याच पानावर वाचता येत नव्हतं.

खूप दिवसांनी श्वासाची नळी काढली. आवाज फुटायच्या आधी थोरल्याचे ओठ हलले. सिस्टरने कान जवळ नेला आणि बाहेर येऊन काचेला कपाळ लावून उभ्या असलेल्या बाईला विचारलं,

"तुम्ही धाकट्या का? ते विचारतायत, धाकटी जेवली का म्हणून."