डावा स्क्रीन

माझा कॉम्प्युटर स्लीपमधून उठला की डावा मॉनिटर मेलेलाच असतो, आणि त्यावर उघडलेलं सगळं उजव्या मॉनिटरवर येऊन आदळतं. महिनाभर हाच ताप! आमच्या सदर भागातल्या आर्किटेक्ट ऑफिसचे मालक अनुपम सर म्हणतात, "हेमलताजी, तुम्हीच काहीतरी दाबून राहिल्या."

मी डिस्प्लेपोर्टची नवी केबल लावली, फरक शून्य. शेवटी मॉनिटरच्या मेनूत सापडलं: 'डीप स्लीप' चालू होतं. त्यात गेला की हा मॉनिटर केबलवरूनच नाहीसा होतो आणि कॉम्प्युटरला वाटतं, कोणी तो उपटून नेला. मी म्हटलं, हे बंद करू. तर वीज वाचते म्हणून सरांनी मॉनिटरवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'सेटिंग बदलू नये.'

आज भेडाघाटचे एक हॉटेलवाले नकाशा बघायला आले. नकाशा उजवीकडे होता, सरांचं आणि माझं चॅट डावीकडे. चहा घेऊन आम्ही परतलो आणि मी माऊस हलवला. डावा काळाच राहिला. चॅट थेट नकाशावर येऊन बसलं. सरांचा सकाळचा मेसेज सगळ्यांसमोर होता: 'उस गंवार को कुछ भी दिखा दो, क्या समझेगा।'

हॉटेलवाल्यांनी तो वाचला आणि ते तडक निघून गेले.

"ते सेटिंग बदललं काहून नाही?" सर माझ्यावर ओरडले.

मी चिठ्ठी उपटून त्यांच्या हातात दिली.

"वाचा. जरा मोठ्यानं वाचा."