पाच माणसांचा फॉर्म

सावली तालुक्यातल्या त्या संस्थेत मुलींचं वसतिगृह होतं, फिरत्या दवाखान्याच्या दोन गाड्या होत्या, एकेचाळीस कर्मचारी होते आणि रजेचा एकच नियम होता : ‘जवळच्या नातेवाइकाच्या निधनप्रसंगी वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीने रजा मिळू शकेल.’

या ओळीपायी स्वयंपाकीण गुणाबाईंच्या हातात नोटीस पडली होती. फेब्रुवारीत त्यांची मोठी जाऊ वारली. त्या निरोप ठेवून निघाल्या आणि पाच दिवसांनी परतल्या. जाऊ म्हणजे रक्ताचं नातं नव्हे, आणि निरोप म्हणजे परवानगी नव्हे, असं ठरलं. ‘विनापरवानगी गैरहजर’ हा त्यांच्या नावावरचा दुसरा शेरा होता. पहिला कधीतरी एस.टी. चुकल्याचा होता. दोन शेरे झाले की करार पुढे चालत नसे.

संचालक इंदुताई दुष्ट नव्हत्या. नियमाबाहेर जायला मात्र भीत असत. “तू नवा नियम लिही,” त्या कार्यालय सांभाळणाऱ्या रिनाला म्हणाल्या. “शनिवारी समिती बसतेय. गुणाबाईचं प्रकरण नव्या नियमानं बघू. पण असा लिही की कोणाला त्याचा वाकडा अर्थ काढता येणार नाही.”

रिनानं मान हलवली. नोव्हेंबरात तिचे वडील गेले, तेव्हा तिला सात दिवसांची रजा फोनवरच मिळाली होती. वडील कोण लागतात, हे कोणी विचारलं नव्हतं.

वाकडा अर्थ कोण काढणार, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. गाडीचालक मुखरूभाऊंनी वीस वर्षांत रजेच्या प्रत्येक ओळीतून वाट काढली होती. रिनानं मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. “भाऊ, यात भोक शोधा. एका भोकाला एक चहा.”

मुखरूभाऊंनी चष्मा पुसला. “बाई, आज चहावाल्याची चांदी हाये.”

पहिला चहा ‘सलग पाच दिवस’ला गेला. “सलग घेतली त मंग तेरवीले का आकाशातून पाहू?” रिनानं लिहिलं : मृत्यूच्या तारखेपासून वीस दिवसांच्या आत, कामाचे पाच दिवस, एकदम किंवा दोन टप्प्यांत.

दुसरा ‘वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीने’ला. “माणूस मरून राह्यला अन् मी सायबाले विचारू, जाऊ का म्हणून? अन् सायबाचा फोन बंद असला त?”

रिनानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. निघताना फक्त कळवायचं : चोवीस तासांत, फोननं, मेसेजनं किंवा संस्थेतल्या कोणाही सहकाऱ्याकडून. परवानगीसाठी थांबायचं नाही. परतल्यावर सात दिवसांत अर्ज. अधीक्षकांनी तीन कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. ते रजेवर असतील तर लेखापालांनी. उत्तर आलं नाही तर रजा मंजूर. नकार असेल तर लेखी, आणि कोणत्या कलमानुसार ते सांगून.

“अन् ‘मिळू शकेल’ कायले?” मुखरूभाऊ तिसऱ्या चहावर होते. “पाऊस येऊ शकेल म्हणते ना, तसं वाटते.”

रिनानं ‘मिळेल’ केलं.

आता उरलं ‘जवळचा नातेवाईक’. रिनानं यादी केली : आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलं, भावंडं, सासू, सासरे. इंदुताईंनी मान डोलावली. मुखरूभाऊंनी नाही.

“माह्या मामीनं वाढवलं मले. अन् सख्खा भाऊ बारा वर्षं बोलत नाई. त्याच्यासाठी पाच दिवस, अन् मामीसाठी पाचर?”

“मामी घातली की काकू येईल, काकू आली की आतेसासू,” इंदुताई म्हणाल्या. “या तालुक्यात सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. मग वसतिगृहात मुलींना जेवायला कोण घालणार?”

त्यांचंही खोटं नव्हतं. दुपारभर रिना नाती जोडत-खोडत बसली आणि मग तिनं नातीच काढून टाकली. प्रत्येकानं वर्षाच्या सुरुवातीला पाच माणसांची नावं लिहून द्यायची, कोणतीही. नाव यादीत आहे, तर रजा आहे. वाद संपला. इंदुताईंना ते इतकं आवडलं की त्यांनी तेव्हाच फॉर्म छापायला सांगितला. वर ठळक अक्षरांत : ‘निधन रजेसाठी पात्र व्यक्ती’.

गुरुवारी एकेचाळीस फॉर्म वाटले. शुक्रवारी सकाळी चाळीस कोरे परत आले.

“जित्या माणसाचं नाव मयतीच्या कागदावर लिवू?” वसतिगृहाच्या मावशी रिनावर खेकसल्या. “पोरगी हाये का कोण हायेस तू!” एका चालकानं तर फॉर्म हातानं न धरता काठीनं टेबलावर सरकवला.

एकच फॉर्म भरलेला होता, मुखरूभाऊंचा. चार नावं सुवाच्य अक्षरांत, पाचवी ओळ रिकामी.

“हे कोण हो, भाऊ?”

“दोन साडभाऊ, एक शेजारी, बांध कोरणारा तो एक, अन् पाचवा अजून नक्की नाई. दोघं उभे हायेत.”

रिना हसली. वडील गेल्यानंतर कार्यालयात पहिल्यांदाच, पण तिच्या ते ध्यानात आलं नाही. ती फॉर्मकडे बघत होती. नियमात चूक नव्हती; चूक मथळ्यात होती. तिनं तीच पाच माणसं तीन कामांना जोडली : त्यांचं आजारपण, त्यांचं लग्न, त्यांचं निधन. निधन शेवटी, बारीक नव्हे पण मुकाट. वर लिहिलं : ‘माझी पाच माणसं’. दर जानेवारीत बदलता येतील.

दुपारपर्यंत नवे फॉर्म सगळ्यांकडून भरून आले. दोघांनी सहावी ओळ हातानं आखली होती. मुखरूभाऊंनी पहिल्या ओळीत मामी लिहिली.

शनिवारी समितीनं मसुदा मान्य केला. मग गुणाबाईंचं प्रकरण निघालं, आणि इंदुताईंनी नेमकं बोट ठेवलं. “फॉर्म आता आला. माणूस फेब्रुवारीत गेलं. गेल्यावर नाव लिहायचं म्हटलं, तर उद्या कोणीही कोणाचंही लिहील.”

हे भोक मुखरूभाऊंनाही सापडलं नव्हतं. रिनानं तिथंच एक ओळ लिहिली : फॉर्म येण्यापूर्वीच्या मृत्यूसाठी, त्याआधी संस्थेकडे दिलेल्या कोणत्याही कागदावर कर्मचाऱ्यानं आपलं माणूस म्हणून ज्याचं नाव दिलं असेल, ते नाव यादीत धरलं जाईल.

“असा कागद आहे?” इंदुताईंनी विचारलं.

“माहीत नाही,” रिना म्हणाली. “नियम सगळ्यांसाठी आहे. कागद शोधावा लागेल.”

समितीला ओळ पटली. रिना कपाटाशी गेली. गुणाबाई दारात उभ्या राहिल्या, पदर घट्ट धरून. रुजू झाल्याची फाईल अकरा वर्षांपूर्वीची, कोपरे वाळवीनं खाल्लेले. दुसऱ्या पानावर एक रकाना होता : ‘अडचणीत कोणाला कळवावे?’ पुढे निळ्या शाईत : कांता. नातं : मोठी जाऊ.

नवऱ्याचं नाव नव्हतं.

“तो कुठी सापडते,” गुणाबाई हळूच म्हणाल्या.

इंदुताईंनी पान दोनदा वाचलं. मग शेऱ्यावर आडवी रेघ मारली, बाजूला कलम क्रमांक लिहिला आणि सही केली. निरोप मुखरूभाऊंकडे ठेवला होता, म्हणजे कळवण्याचंही झालं. “पाच दिवस मंजूर. करार पुढे चालू.”

गुणाबाईंचं लक्ष सहीकडे नव्हतं. त्या पानावर वाकल्या होत्या.

“हे तिचंच अक्षर हाये,” त्या म्हणाल्या. “मले कुठी लिवता येत होतं! माह्यासंगं आली होती. तिनंच भरला फारम. मले विचारलं नाई, सोताच सोताचं नाव लिवलं.”

बाहेर मुखरूभाऊ गाडीचा हॉर्न वाजवत होते.

“याचा झेरॉक्स भेटन का, बाई?” गुणाबाईंनी विचारलं. “का त्यालेबी अर्ज लागते?”

रिनानं यंत्र चालू केलं आणि दोन प्रती काढल्या, एक खराब झालीच तर असावी म्हणून.