शेवटचा बसला की

पदयात्रेचे टप्पे आखताना भाऊने डोकं शिणवलं होतं. रोजचं अंतर बेताचं, वाटेत चार विसावे, दुपारी सावलीत जेवण. तरी थोरली बहीण मुक्कामाला पोचली की आडवीच व्हायची, आणि भाऊचं टाळकं सटकायचं.

"अगं, एवढे विसावे ठेवलेत, तरी तू रोज अशी गळपटतेस कशी?"

"कुठले विसावे?" ताई कडाडली. "तुम्ही पुढे जाऊन ऐसपैस बसता. मी धापा टाकत पोचले की तू ओरडतोस, चला! मी अजून एकदाही टेकलेली नाही."

दुसऱ्या दिवशी भाऊने तिला सगळ्यांच्या पुढे चालायला लावलं आणि तिला कुणी ओलांडायचं नाही, असं बजावलं. तरणी मंडळी कुरकुरली.

वाटेत बरोबर आलेल्या एका शेजाऱ्याची चप्पल तुटली. त्याच्यासाठी थांबलेला भाऊ विसाव्यावर सगळ्यांत शेवटी पोचला. तो टेकतोय तोच कुणीतरी ओरडलं, "वेळ झाली, निघा!"

"अरे, मला बूट तरी काढू द्या!" भाऊ खेकसला.

ताईने निवांत पाय पसरले. "कुणी उठायचं नाही. शेवटचा बसला की विसावा सुरू. आता तरी आराखड्यात लिही."