पिवळ्या पट्टीची पोर

अंगणवाडी केंद्रावरच्या ताईंना बुधवार आला की अंगावर काटा यायचा. बुधवार वजनाचा. छताच्या हुकाला लटकणारा काटा, त्याला अडकवलेली कापडी चड्डी आणि तिच्यात घालताच टाहो फोडणारं एकेक पोर. दुपारपर्यंत ताईंचे कान किटायचे आणि कंबर बोलायला लागायची.

इस्त्रीवाली नेहमीसारखी शेवटी आली. कडेवर दीड वर्षाची धाकटी, लाडाने ‘बटण’, पदराला धरून चार वर्षांची मोठी. बटणीच्या दंडाला ताईंनी महिन्याभरापूर्वी मोजपट्टी लावली, तेव्हा खूण पिवळ्या रंगावर आली होती. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कुपोषण, लाल म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हापासून रोज एक पौष्टिक पेस्टची पुडी चालू होती. घरचं जेवण आणि अंगावरचं दूध यांच्याशिवाय, वरचं म्हणून. तरी गेले दोन आठवडे काटा जागचा हलला नव्हता. "या वेळीही नाही वाढलं तर मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल," असं ताई मागच्या बुधवारी बोलून गेल्या होत्या.

आज काटा शंभर ग्रॅम पुढे गेला.

"वाढलं ना ताई?" इस्त्रीवाली इतक्या घाईने म्हणाली, की ताईंनी मान वर केली.

पण दंड मात्र पावणेबारा सेंटिमीटरचा, मागच्या वेळेपेक्षा किंचित कमीच. ताई थकल्या होत्या. आकडा मांडावा, पुड्या द्याव्यात आणि घर गाठावं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात बटणीने चड्डीतच कार्यक्रम उरकला, तोही थेट ताईंच्या बाहीवर.

"वा! मानाचा शिडकावा झाला," ताई म्हणाल्या. मोठी तोंडावर हात ठेवून हसली. पोरीला पुसलं, कोरडी चड्डी अडकवली, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा वजन केलं. शंभर ग्रॅम गायब.

ताई काट्याकडे बघत राहिल्या. मग इस्त्रीवालीकडे. "पाणी पाजून आणलंस?"

ती खाली बघून म्हणाली, "दवाखान्यात ठेवून घेतलं असतं तर लाँड्रीतलं माझं इस्त्रीचं टेबल दुसरीला गेलं असतं, ताई. मालक वाट बघत बसणार आहे होय?"

"अगं, मी नुसतं दाखवायचं म्हटलं होतं!" ताईंचा आवाज चढला आणि मग लगेच उतरला. त्यांचंही चुकलंच होतं. धाक घालायला त्यांना वेळ होता, नीट विचारायला नव्हता. त्यांनी बटणीच्या पायावर अंगठा दाबून पाहिला. सूज नव्हती. ताप, खोकला, जुलाब विचारले. तेही नव्हते. "भूक लागते?"

"तुटून पडते पुडीवर."

"मग पूर्ण पुडी हिच्याच पोटात जाते ना?"

मोठी आईच्या मागे सरकली.

"एकीने चाटायचं आणि दुसरीने बघत बसायचं? अर्धी-अर्धी करते. माझ्याने नाही होत, ताई."

ताईंनी मोठीला पुढे ओढलं आणि तिच्या दंडाला पट्टी लावली. हिरवा. पिवळ्याच्या अगदी काठावर, पण हिरवाच. तिला पुडी नाही.

"म्हणजे ही आणखी वाळली की मिळेल?" इस्त्रीवालीने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

ताईंना वाईट वाटलं, रागही आला, कुणाचा ते कळेना. मग म्हणाल्या, "मोठीला उद्यापासून इथल्या खेळवर्गात बसव. दुपारचं गरम जेवण मिळतं. बटणीची पुडी कामावर जाताना इथे माझ्यासमोर भरव. आठवडाभर बघू. दंड साडेअकराच्या खाली गेला किंवा सूज दिसली, तर मात्र तुझं काही ऐकणार नाही. मालकाशी मी बोलेन."

पुढच्या बुधवारी ताईंनी आधी बटणीला मोरीवर बसवलं, मग काट्यात. दीडशे ग्रॅम पुढे. खरेखुरे. इस्त्रीवाली तिथेच फरशीवर बसून रडली आणि बटण तिच्या डोक्यावर थापट्या मारत राहिली.

मोठी बाही वर करून ताईंसमोर उभी होती.

"अगं, तुझं वजन नाही करायचं."

"पट्टी लावा ना."

ताईंनी लावली.

"झाला का पिवळा?" पोरीने आशेनं विचारलं.

"नाही गं. हिरवाच आहे."

मोठीचं तोंड एवढंसं झालं. तिने बाही खाली ओढली. "पुढच्या बुधवारी होईल," ती म्हणाली, ताईंची समजूत काढावी तशी.